व्याख्या कोशातली की स्वतःची? निबंध लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोशातली व्याख्या आणि लेखकानं ठरवलेली व्याख्या यांत नेमका फरक काय?

कोशातली व्याख्या ही बातमी असते. लोक हा शब्द कोणत्या अर्थानं वापरतात, हे कोशकार सांगतो. त्यामुळे ती खरी किंवा खोटी असू शकते. कुणी 'सासरा'चा अर्थ 'बहिणीचा नवरा' असा छापला, तर ती साधी चूक आहे आणि कुणीही ती दाखवून देऊ शकतो.

दुसऱ्या प्रकारात लेखक काहीच कळवत नाही, तो ठराव करतो: 'इथून पुढे मी अमुक शब्द तमुक अर्थानं वापरणार.' ठराव खरा-खोटा नसतो. तो सोयीचा किंवा गैरसोयीचा असतो, पाळला जातो किंवा मोडला जातो. या दुसऱ्या प्रकाराला मी या पानावर 'ठरवलेली व्याख्या' म्हणेन. पाहा, हाही एक ठरावच झाला, आणि आता शेवटपर्यंत तो पाळणं मला भाग आहे.

हा भेद जुना आहे. आर्नो आणि निकोल या दोन फ्रेंच विचारवंतांनी 1662 साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात नावाची व्याख्या आणि वस्तूची व्याख्या वेगळ्या काढल्या आहेत. नाव काय द्यायचं हे आपल्या हातात आहे, वस्तू कशी आहे हे नाही, असा त्यांचा मुद्दा. निबंधातल्या बहुतेक भानगडी या दोहोंची सरमिसळ झाल्यानं होतात: लेखक नाव ठेवतो आणि वस्तूबद्दल काहीतरी सिद्ध केल्याच्या थाटात पुढे निघतो.

मग मला हव्या त्या शब्दाला हवा तो अर्थ देता येतो?

तत्त्वतः येतो. पाणिनीनं तेच केलं आहे, आणि फार धिटाईनं. अष्टाध्यायीचं पहिलंच सूत्र 'वृद्धिरादैच्' हे ठरवलेल्या व्याख्येचं आहे: आ, ऐ, औ या स्वरांना 'वृद्धी' म्हणायचं. लगेच दुसऱ्या सूत्रात अ, ए, ओ यांना 'गुण'. शाळेत 'महेश' हा गुणसंधी आणि 'सदैव' हा वृद्धिसंधी असं पाठ करताना या शब्दांचा वाढीशी किंवा सद्गुणांशी काय संबंध, हा प्रश्न आपल्याला पडला नाही, कारण तो संबंध कुणी गृहीत धरलेलाच नव्हता.

याहून गमतीची संज्ञा 'नदी' ही आहे. दीर्घ ई किंवा ऊ शेवटी असलेल्या स्त्रीलिंगी शब्दांना पाणिनी 'नदी' म्हणतो. म्हणजे 'वधू' ही नदी. गोदावरीही नदी. गंगा मात्र नदी नाही, कारण ती आकारान्त! तरीही आजवर कुणाचा घोटाळा झाला नाही, याचं कारण ठरवलेला अर्थ रोजच्या अर्थापासून इतका लांब आहे की, वाचताना चुकूनही कुणी पाण्याकडे वळत नाही.

शिवाय पाणिनीनं जिथं हवं तिथं निरर्थक नावंही घडवली. शब्दातल्या शेवटच्या स्वरापासून पुढचा भाग म्हणजे 'टि', आणि 'दा', 'धा' अशा रूपांच्या धातूंना 'घु'. या नावांना मागचा इतिहास नाही, त्यामुळे ओझंही नाही.

पाणिनीला चाललं, मग माझ्या निबंधात का अडतं?

कारण तुमचा शब्द 'घु' नसतो. तो 'स्वातंत्र्य', 'हिंसा', 'खोटं', 'कला', 'न्याय' यांतला कुठलातरी असतो. असे शब्द आपल्यासोबत मान-अपमान घेऊन येतात. तुम्ही त्यांचा अर्थ एका वाक्यात बदलू शकता, पण वाचकाच्या मनातली त्यांची चव बदलू शकत नाही. अर्थ नवा आणि चव जुनी राहिली की, तुमच्याही नकळत युक्तिवाद त्या चवीवर चालू लागतो.

चार्ल्स स्टीव्हन्सन या अमेरिकी तत्त्वज्ञानं 1938 साली या प्रकाराला 'मन वळवणारी व्याख्या' अशा आशयाचं नाव दिलं. शब्दाचं वर्णन बदलायचं, पण त्याच्याशी जोडलेली भावना तशीच ठेवायची, म्हणजे भावना गुपचूप नव्या वस्तूवर जाऊन बसते. ओळखायची खूणही त्यानं सांगितली: 'खरा' किंवा 'खरोखरचा' हे विशेषण. मराठी निबंधांत याची रेलचेल आहे. 'खरं शिक्षण म्हणजे…', 'खरी श्रीमंती म्हणजे…', 'खरा धर्म म्हणजे…'. माझ्याकडे तपासायला आलेल्या लेखनात असं वाक्य दिसलं की, मी पेन्सिलीनं समासात एक रेघ ओढतो. ते चूकच असतं असं नाही, पण तिथं माल बदलला गेलेला असण्याची शक्यता मोठी असते.

एखादं उदाहरण पूर्ण उलगडून दाखवाल का?

दाखवतो. समजा निबंधाचा विषय 'आपण खरं किती बोलतो' असा आहे आणि पहिल्याच परिच्छेदात लेखक म्हणतो:

'या निबंधात "खोटं बोलणं" म्हणजे समोरच्याची चुकीची समजूत होऊ देणं, मग ती शब्दांनी होवो किंवा गप्प राहून.'

पुढे तो उदाहरणं देतो. पाहुण्यांना कंटाळलेला यजमान जांभई दाबतो. मित्रानं केलेली कविता न आवडूनही आपण मान डोलावतो. मनात खळबळ असताना आपण 'मजेत' म्हणतो. म्हणून, आपण सगळे रोज खोटं बोलतो. इथवर ठीक. मग येतं हे वाक्य: 'खोटं बोलणाऱ्यावर विश्वास ठेवता येत नाही, हे तर सर्वांनाच मान्य आहे.' आणि शेवट: 'तेव्हा माणसामाणसांतला विश्वास हा निव्वळ भ्रम आहे.'

वाचताना झटका बसतो. काहीतरी चुकलंय असं वाटतं, पण कुठं ते बोट ठेवून सांगता येत नाही. लेखकाला विचारलं तर तो म्हणतो, 'मी व्याख्या आधीच दिली होती की!'

इथं ब्लेज पास्कालनं 1650च्या दशकात भूमितीच्या पद्धतीबद्दल लिहिताना सांगितलेला उपाय कामी येतो. नाव ठेवायचं स्वातंत्र्य त्यालाही मान्य होतं, पण त्याची अट अशी की, व्याख्या केलेला शब्द जिथं जिथं येईल तिथं मनातल्या मनात त्याच्या जागी पूर्ण व्याख्या घालून वाचायचं. आपण तसं करू.

'आपण सगळे रोज खोटं बोलतो' याचं होतं: 'आपण सगळे रोज कुणाची ना कुणाची चुकीची समजूत होऊ देतो.' हे खरं आहे, पण आता यात धक्का उरला नाही. हे कुणाला ठाऊक नव्हतं?

पुढचं वाक्य: 'जो समोरच्याची चुकीची समजूत होऊ देतो, त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही, हे तर सर्वांनाच मान्य आहे.' थांबा. हे सर्वांना मान्य कधी झालं? जांभई दाबणाऱ्या यजमानावर आपण पूर्ण विश्वास ठेवतो, किंबहुना त्या दाबलेल्या जांभईमुळे जरा जास्तच ठेवतो. सर्वांना मान्य होतं ते जुन्या अर्थाच्या वाक्याबद्दल: जाणूनबुजून असत्य सांगून फसवणाऱ्याबद्दल. म्हणजे उदाहरणं नव्या अर्थानं गोळा केली आणि दोष जुन्या अर्थाचा लावला. साखळी त्या एका वाक्यात तुटली आहे, आणि 'सर्वांनाच मान्य आहे' या शब्दांनी ती तूट झाकली आहे.

हा निबंध सुधारायचा कसा? व्याख्याच काढून टाकायची का?

गरज नाही. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे शब्द बदलणं. 'खोटं बोलणं' या ऐवजी 'मूक दिशाभूल' किंवा 'समजूत राहू देणं' असं काही म्हणा. उदाहरणं सगळी तशीच राहतील, फक्त फुकटचा दोषारोप गळून पडेल. नाव बदलल्यावरही युक्तिवाद उभा राहिला, तर तो खरोखर उभा होता. ही चाचणी मी सर्वांना सुचवतो: तुमच्या लाडक्या शब्दाच्या जागी 'क' हे अक्षर लिहा आणि निबंध पुन्हा वाचा. निष्कर्ष अजून महत्त्वाचा वाटतो का?

दुसरा मार्ग कष्टाचा आहे, पण निबंध म्हणून जास्त मोलाचा. शब्द तोच ठेवा आणि तुटलेल्या वाक्यासाठी वेगळा युक्तिवाद द्या. समजूत होऊ देणं आणि उघड असत्य सांगणं यांत नैतिक फरक नाही, असं तुम्हाला खरंच वाटत असेल, तर तेच सिद्ध करा. फसवला गेलेला माणूस दोन्हीकडे तितकाच फसतो का? त्याला जाब विचारायची संधी दोन्हीकडे सारखी असते का? मग व्याख्या सुरुवातीला दिलेला ठराव राहत नाही, ती निबंधाचा दावा बनते आणि तिची जागा शेवटाकडे सरकते. मला तरी असा निबंध वाचायला जास्त आवडेल.

ठरवलेली व्याख्या खरी-खोटी नसेल, तर तिला अव्याप्ती-अतिव्याप्तीचे दोष लागतील कसे?

हा प्रश्न विचारणाऱ्याला तर्कशास्त्र चांगलं ठाऊक असणार. ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. न्यायशास्त्रात गायीचं उदाहरण देतात. 'जिला शिंगं असतात ती गाय' म्हटलं की म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'जी कपिला असते ती गाय' म्हटलं की पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. आणि 'जिला एकच अखंड खूर असतो ती गाय' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, तो असंभव. निर्दोष लक्षण म्हणून गळ्याखालची पोळी सांगतात.

हे तिन्ही दोष गृहीत धरतात की, गाय म्हणजे काय हे आपल्याला आधीच कळलेलं आहे आणि लक्षण त्याच्याशी जुळवून पाहायचं आहे. पाणिनीच्या 'नदी'ला हे दोष लावणं हास्यास्पद ठरेल. गंगा वगळली म्हणून अव्याप्ती झाली, असं कुणी म्हणत नाही. तेव्हा नियम असा धरा: तुमची व्याख्या जितकी रूढ अर्थाशी नातं सांगेल, तितके हे दोष तिला लागतील. 'मी या शब्दाचा रोजचाच अर्थ जरा नेमका करतोय' असं म्हणालात, तर गाय मोजून घेतली जाणार.

वरच्या निबंधातली व्याख्या याच कसोटीवर तपासून पाहा. बुद्धिबळात डाव लपवणारा खेळाडू प्रतिस्पर्ध्याची चुकीची समजूत होऊ देतो, म्हणजे तो खोटं बोलला? अतिव्याप्ती. आणि मी धडधडीत थाप मारली, पण समोरच्यानं ती ओळखली, तर त्याची चुकीची समजूत झालीच नाही, म्हणजे मी खोटं बोललोच नाही? ही अव्याप्ती, आणि ही जास्त जिव्हारी लागणारी आहे, कारण ती अगदी उघड खोटं बाहेर ठेवते. 'समजूत होऊ देणं' या ऐवजी 'समजूत व्हावी असा प्रयत्न करणं' असं लिहिलं की ही दुसरी अडचण सुटते, पहिली तशीच राहते.

मग स्वतःची व्याख्या केव्हा करावीच लागते?

मुख्यतः दोन प्रसंगी.

एक, शब्द धूसर आहे आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं त्या धूसर पट्ट्यात पडतं. 'लोकांचं वाचन कमी झालंय का?' यावर लिहायचं तर वाचन म्हणजे काय हे ठरवल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. ऐकलेलं पुस्तक धरायचं? अर्धवट सोडलेलं? कोश इथं मदत करत नाही, कारण लोकांचा वापरच पक्का नाही. अशा वेळी 'वाचक म्हणजे वर्षभरात स्वखुशीनं निदान एक पुस्तक पूर्ण वाचणारी व्यक्ती' असं ठरवणं रास्त आहे. यात तुम्ही नवा अर्थ आणला नाही, रूढ अर्थाच्या आतच कुंपण घातलं. फक्त कुंपण कुठं पडलं यावर उत्तर बदलतं का, ते एकदा पाहा. एकाऐवजी पाच पुस्तकं धरल्यावर निष्कर्ष उलटा होत असेल, तर तो निष्कर्ष वाचनाबद्दल नसून कुंपणाबद्दल आहे.

दोन, अभ्यास पुढे गेला आणि जुना शब्द अपुरा पडला. 2005 साली एरिस सापडल्याची घोषणा झाली तेव्हा ती प्लूटोपेक्षा मोठी असावी असं वाटत होतं. मग तिला दहावा ग्रह म्हणायचं की प्लूटोला खाली उतरवायचं? 24 ऑगस्ट 2006 रोजी प्राग इथं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं मतदानानं ठरवलं की, आपल्या सूर्यमालेत ग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारा, स्वतःच्या गुरुत्वानं जवळपास गोल झालेला आणि आपल्या कक्षेचा परिसर साफ केलेला गोल. तिसऱ्या अटीत प्लूटो अडकला. ही उघड ठरवलेली व्याख्या होती, पण लहरीनं केलेली नव्हती. आठ ग्रह एका गटात आणि बाकीचे गोल दुसऱ्या गटात पडतात, हा फरक आकाशात खरोखर आहे.

त्याच ठरावात एक गाठ मात्र राहून गेली. प्लूटोला 'बटुग्रह' म्हटलं, पण बटुग्रह हा ग्रहांचा प्रकार नाही असंही ठरवलं. 'ग्रह' या शब्दाआधी 'अभिजात' या अर्थाचं विशेषण जोडण्याची सूचना आली होती. ती मंजूर झाली असती तर बटुग्रहही ग्रहच ठरले असते. ती फेटाळली गेली. आता शब्द सांगतो 'छोटा ग्रह' आणि व्याख्या सांगते 'ग्रह नव्हे'. प्लूटोवरचे वाद अजून का धुमसतात याचं अर्धं उत्तर खगोलशास्त्रात नाही, नाव ठेवण्यात आहे.

जुनाच शब्द वापरू की नवा घडवू?

रूढ अर्थाशी नातं हवं असेल तर जुना, नको असेल तर नवा किंवा किंचित वेगळा. भौतिकशास्त्रात मराठीनं हे छान साधलं आहे. डोक्यावर ओझं घेऊन तासभर स्तब्ध उभा राहिलेला माणूस त्या ओझ्यावर शून्य कार्य करतो, कारण विस्थापन नाही. इंग्रजीत रोजच्या कामाचाच शब्द वापरतात, म्हणून तिथल्या विद्यार्थ्याला हे वाक्य अन्यायकारक वाटतं. आपल्याकडे 'काम' आणि 'कार्य' असे दोन शब्द असल्यामुळे त्या माणसाचं काम शाबूत राहतं आणि कार्य शून्य होतं.

निबंधाची सुरुवात 'शब्दकोशानुसार…' अशी करावी का?

नको. वाचकाला 'मैत्री' या शब्दाचा अर्थ ठाऊक असतो, आणि ज्या अंगाबद्दल तुमचा वाद आहे ते कोशात नसतंच. कोशाची गरज तेव्हा, जेव्हा वाद शब्दाच्या वापराबद्दलच असतो: जुन्या मजकुरातला शब्द त्या काळी कोणत्या अर्थी वापरत, किंवा समोरचा लेखक रूढ अर्थ सोडून भलतंच म्हणतोय हे दाखवायचं असेल तेव्हा. मोल्सवर्थचा कोश 1831 सालचा, त्याची दुसरी आवृत्ती 1857 सालची. एकोणिसाव्या शतकातला उतारा वाचताना तो उघडणं शहाणपणाचं आहे, आजच्या 'मैत्री'चा निकाल लावायला नाही.

व्याख्या कुठं आणि कशी लिहावी?

शब्द पहिल्यांदा कामाला लागण्याआधी लिहावी. 'म्हणजे' या एका शब्दावर विसंबू नका, कारण मराठीत तो बातमीही देतो आणि ठरावही करतो. 'हिंसा म्हणजे इजा करणं' हे वाक्य कोणत्या प्रकारचं आहे ते वाचकाला कळत नाही. 'या निबंधापुरतं मी हिंसा हा शब्द फक्त शारीरिक इजेसाठी वापरतो, शब्दांनी केलेली दुखापत इथं धरलेली नाही' असं लिहिलं की तीन गोष्टी स्पष्ट होतात: हा ठराव आहे, तो कुठवर लागू आहे आणि बाहेर काय ठेवलं आहे. त्यातली तिसरी गोष्ट लोक सर्रास विसरतात. त्यापुढे असं का केलं, हे एका वाक्यात सांगितलं तर उत्तम.

वाचक माझी व्याख्या नाकारू शकतो का?

'हे खोटं आहे' असं म्हणून नाही. पण 'हे निरुपयोगी आहे', 'यामुळे मूळ प्रश्नच बदलला' किंवा 'चौथ्या पानावर तुम्ही स्वतःच ही मोडलीत' असं तो नक्की म्हणू शकतो. मधला आक्षेप सर्वांत जड. प्रश्न 'मौन ही हिंसा असू शकते का?' असा असेल आणि तुम्ही हिंसा फक्त शारीरिक इजेपुरती धरली, तर उत्तर व्याख्येतच आलं. उरलेली पानं कशासाठी लिहिली?

लिहिता लिहिता व्याख्या बदलावीशी वाटली तर?

बदला, पण मागे जाऊन पहिल्या पानापासून. एकाच निबंधात दोन अर्थ खरंच हवे असतील, तर दोघांना वेगळी नावं द्या. एकाला अवतरणचिन्हांत आणि दुसऱ्याला चिन्हांशिवाय लिहिण्याची युक्ती कागदावर शोभते, पण तिसऱ्या पानापर्यंत चिन्हं कुठं द्यायची ते लेखकच विसरतो. मीही विसरलो आहे.